पेशंटचं नाव

आमच्या घरातली विम्याची फाईल माझ्या ताब्यात असते, आणि ताब्यात म्हणजे अगदी ताब्यातच. नवऱ्याला तिला हात लावायची मुभा नाही. एकदा त्यानं गाडीच्या पीयूसीचा कागद सहज म्हणून तिच्यात सरकवला होता, तर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. तो म्हणायचा, "हिला देव्हाऱ्यात ठेव आणि रोज फूल वाहा." म्हणू दे, मला त्याचं काही वाटायचं नाही. मी लातूरला क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते. बाटलीवर लेबल नसेल तर ती बाटली उचलायची नाही, हे पोरांना सांगून सांगून माझंच डोकं तसं झालंय. शिवाय राग माझा नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे.

फाईलचं हे वेड मला उगीच लागलं नव्हतं. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, वाचलो, घर मात्र राहिलं नाही. नंतर कितीतरी महिने बाबा रांगेत उभे असायचे, हे घर आमचंच होतं हे सांगायला. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, सगळं लोखंडी पेटीत होतं आणि पेटी मातीखाली. आई ट्रंका उपसत हिंडायची, मी तिच्या पदराला धरून. पुढं लातूरला भाड्याच्या खोलीत आलो. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, खोल्यांना भाव आला होता, जो तो पोराला डॉक्टर करायला निघालेला. मी डॉक्टर झाले नाही, पण त्याच बाजारात शिकवायला लागले आणि आमचं बरं चाललं.

मग बाबा आजारी पडले. विमा होता, पण कागद? काही कॅरीबॅगमध्ये, काही बाबांच्या शर्टाच्या खिशात, काही मेडिकलवाल्याकडंच राहिलेले. औषधाची बिलं त्या गुळगुळीत कागदावरची, महिन्याभरात अक्षरं उडून पांढरीफटक झालेली. बिल असलं तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी असली तर बिल नाही. कंपनी एक कागद मागायची, तो दिला की दुसरा मागायची. बाबा खाटेवरून रोज विचारायचे, "आलं का गं त्यांचं उत्तर?" उत्तर आलं तेव्हा बाबा नव्हते. तो क्लेम मंजूर झाल्याचं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले, आणि रडून झाल्यावर दुकानात जाऊन जाड पुठ्ठ्याची फाईल आणली.

काय फाईल होती! प्रत्येक माणसाचा वेगळा भाग, रंगीत पुठ्ठा घालून. पहिल्या पानावर पॉलिसी नंबर, विम्याचं कार्ड आणि कळवायचा फोन नंबर, तोच नंबर कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला. त्यामागं पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या पॉलिस्या ओळीनं, कारण मध्ये खंड पडला नाही हे दाखवावं लागतं. मग आधार, रद्द केलेला चेक. मग डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्या पाठीला त्याच तारखेचं बिल. रिपोर्ट नवे वर, जुने खाली. मूळ कागदाला भोक पाडायचं नाही, तो प्लास्टिकच्या पाकिटात. गुळगुळीत बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स. भाऊबंदांत कोणी ॲडमिट झालं की मला फोन यायचा, "काय काय कागद गोळा करू?" आणि मी फोनवर तासभर झोडपून काढायचे. चांगलं वाटायचं मला तसं करायला.

सगळ्यात देखणा भाग आईचा. तिची बीपीची नोंद, डोळ्याच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, सगळं जिथल्या तिथं. तिचं नाव आधारवर, पॉलिसीवर, बँकेच्या पासबुकावर एकसारखं आहे का, हे मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं होतं. बँकेत एका काना-मात्रेचा फरक होता, तो दुरुस्त करायला मी तिला रिक्षात घालून नेलं होतं. भर उन्हात ती काउंटरपुढं उभी राहिली, जिथं सांगितलं तिथं सही केली, आणि परत येताना म्हणाली, "झालं का गं आता माझं नाव बरोबर?" मी म्हणाले, "एकदम बरोबर."

त्या वर्षी आई तिच्या माहेरी गेली होती. माहेर म्हणजे आता फक्त मामा. मामा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसातून रिटायर होऊन तिथंच घर बांधून राहिलेले. बोलके, पान खाणारे, बहिणीवर जीव टाकणारे. मी वर्गात होते, आणि मामांचा फोन तीनदा वाजला तेव्हा बाहेर आले.

"पोरी, घाबरू नको," मामा म्हणाले. "अक्का पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलंय. नांदेडला दवाखान्यात आणलंय, ॲडमिट करून घेतलंय. डॉक्टर म्हणतेत उद्याच ऑपरेशन करू, लांबवायचं न्हाई."

खरं सांगते, आधी मनात आई आली, आणि लगेच तिच्या मागोमाग एक दुसरी गोष्ट आली. फाईल तयार आहे, ही. दवाखान्याचं नाव विचारलं, तो कंपनीच्या यादीत आहे हे मोबाईलवर पाहिलं, घरी जाऊन फाईल उचलली आणि नवऱ्याला गाडी काढायला लावली. अहमदपूर यायच्या आत मी कंपनीला कळवून टाकलं होतं. पेशंटचं नाव, पॉलिसी नंबर, दवाखाना, कधी आणि कशानं पडल्या, कुठलं हाड. पलीकडच्या बाईनं क्लेमचा नंबर दिला, तो मी फायलीवर पेन्सिलीनं लिहिला. नवरा म्हणाला, "मानलं बाई तुला." वाटेतलं लोहा मागं गेलं तोवर मी मनातल्या मनात दवाखान्यात पोचून सगळ्यांना गार करून टाकलं होतं.

दवाखान्यात खाली एका कोपऱ्यात विम्याचं टेबल होतं. तिथं चष्म्यातला एक माणूस कंप्युटरपुढं बसलेला. बाजूच्या खुर्च्यांवर लोक ताटकळलेले, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात चुरगळलेल्या कागदांची गुंडाळी. मामाही तिथंच बसलेले होते. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं आणि फाईल टेबलावर ठेवून आईचा भाग उघडला. कार्ड, आधार, मागच्या सगळ्या पॉलिस्या. चष्मेवाल्यानं एकदा फायलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. त्याला कौतुक वाटलं असावं. मग त्यानं कंप्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्या नावाचा पेशंट आमच्याकडं नाही."

"असं कसं नाही? सकाळी ॲडमिट केलंय. खुबा मोडलाय त्यांचा. नीट बघा."

"बघून राहिलो की. नाही."

माझा आवाज चढला. मी वर्गात बोलते तसं बोलायला लागले, मागच्या बाकापर्यंत जाईल असं. लोकांच्या जिवाशी खेळता का, नोंदी धड ठेवता येत नाहीत का, असं काय काय. त्या माणसानं पडदा माझ्याकडं वळवला. "खुब्याच्या ह्या एकच पेशंट आहेत. वय तेच, मधलं नाव तेच, आडनाव तेच. पण पहिलं नाव हे आहे."

मी ते नाव वाचलं. माझ्या ओळखीचं नव्हतं. आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, मी म्हणाले, "ही कोण बाई?"

मामा खुर्चीवरून उठले. "अगं पोरी," ते म्हणाले, "अक्काच हाय ती."

मग मी मामांवर घसरले. आता आठवलं की अंगावर काटा येतो. सत्तरी गाठलेला माणूस, सकाळपासून बहिणीसाठी धावपळ केलेला, चहासुद्धा न घेतलेला. त्यांना मी म्हणाले, "मामा, सख्ख्या बहिणीचं नाव माहीत नाही तुम्हाला? एवढी साधी गोष्ट! आता सगळे कागद चुकले ना. एक्स-रे चुकला, रक्ताचे रिपोर्ट चुकले. फोन करून विचारायचं तरी!"

मामांनी तोंडातलं पान गालात दाबलं. रागावले नाहीत. "नाव माहीत न्हाई कसं?" ते म्हणाले. "काउंटरवर विचारलं, पेशंटचं नाव काय. मी सांगितलं. हेच तिचं नाव हाय. माझ्या आजोबांनी ठेवलेलं, पाळण्यात घालून. तुम्ही म्हणता ते तुझ्या बापाच्या घरचं. ते मला कुठं माहीत असायला? म्हणजे तुझ्या लग्नपत्रिकेत वाचलं होतं एकदा. पण मी अक्काला अक्का म्हणतो."

चष्मेवाला समजून गेला. त्याच्यासमोर हे नेहमीचंच असावं. शांतपणे त्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमच्या आईचं माहेरचं नाव हेच ना? तुम्ही सांगा, म्हणजे मी तसा शेरा टाकतो."

आणि मला सांगता येईना.

पडद्यावर होतं म्हणून मी हो म्हणू शकले असते. पण मला ते नाव माहीतच नव्हतं. कधी ऐकलंच नव्हतं. बाबा तिला "अगं" म्हणायचे, मामा "अक्का", आजी "पोरी", गावात "अमक्याची आई". मी आई म्हणायचे. कागदावर जे होतं तेच तिचं नाव, ह्यापलीकडं माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. ज्या बाईची पॉलिसी मी पाठ म्हणू शकत होते, जिच्या साखरेचा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता, तिचं नाव मला माहीत नव्हतं. खुर्च्यांवरचे लोक माझ्याकडं बघत होते. दुसरीकडं कुणी म्हणालं असतं की धरणीनं पोटात घ्यावं. भूकंपानंतर आमच्याकडं कोणी असं बोलत नाही. मी नुसती मान खाली घालून फायलीचा चाप उघडत-मिटत राहिले.

आणि ह्यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तर अजून सांगितलीच नाही. माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नव्हतं. ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली होती, नवीन नाव कुठलं ते सासरच्यांनी आधीच ठरवलं होतं. मी ताट बाजूला सारलं. काय तमाशा केला मी! माझं सर्टिफिकेट, माझी नोकरी, माझी ओळख, बाई म्हणजे काय रिकामी पाटी आहे का, कोणीही यावं आणि लिहावं? तेव्हा कोपऱ्यातून आईच पुढं आली होती. सासूबाईंच्या हाताला धरून म्हणाली, "राहू द्या हो. तिचं नाव तिला राहू द्या." एवढंच. ते तांदूळ मग तिनंच गोळा केले. ह्या प्रसंगावर मी पुढं कितीतरी ठिकाणी भाषण दिलं असेल, क्लासच्या मुलींपुढं, मैत्रिणींत, महिला दिनाला. त्यात आईचा उल्लेखही करायचे, माझी आई फार शिकलेली नव्हती पण माझ्या पाठीशी उभी राहिली, असा. पण घरी येऊन तिला एकदा तरी विचारावं, की आई, तुझ्या ताटातल्या तांदळाआधी तुझं नाव काय होतं? एवढं सुचलं नाही मला.

चष्मेवाल्यानं दोन रस्ते सांगितले. पहिला असा, की दवाखान्यातलं नाव दुरुस्त करून घ्यायचं. अर्ज द्यायचा, आधारची झेरॉक्स जोडायची, पेशंटची सही आणि ज्यानं ॲडमिट केलं त्याची सही. मग रेकॉर्डवाले नाव बदलतात, एक्स-रे आणि रिपोर्ट नव्या नावानं काढून देतात, आणि प्रकरण कंपनीकडं मंजुरीला जातं. संध्याकाळपर्यंत होऊ शकतं. दुसरा असा, की आहे ते नाव राहू द्यायचं. पैसे आता आपण भरायचे, ऑपरेशन ठरल्या वेळी करून घ्यायचं, आणि नंतर मूळ बिलं लावून परत मागायचे. सोबत नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. "तेही चालतं," तो म्हणाला. "पण विचारपूस होते. जुन्या नावाचा एखादा कागद मागतात. शाळेचा दाखला वगैरे आहे का काही?"

मामा म्हणाले, "दाखला होता. लग्नात तिच्या पेटीत दिलेला. ती पेटी गेली भूकंपात." मग लगेच म्हणाले, "पण मी लिहून देतो ना. आणि पैशाची फिकीर करू नको पोरी, आता मी भरतो, मागनं बघू."

मी म्हणाले, "पैशाचा प्रश्न नाही मामा." आणि तो खरंच नव्हता. नवऱ्याचं कार्ड खिशात होतं. आमचं भागण्यासारखं होतं. ऑपरेशन कुठल्याच रस्त्यानं अडणार नव्हतं.

"मग दोन्ही नावं लिहा की कंप्युटरात," मामा चष्मेवाल्याला म्हणाले.

"एकच रकाना आहे साहेब."

मी आईला विचारून येते म्हणाले. वर गेले तर ती पलंगावर उताणी, पायाला वजन लावलेलं, चेहरा दुखण्यानं ओढलेला. पण मला बघून हसली. तिच्या मनगटावर दवाखान्याची पट्टी होती, तिच्यावर ते नाव छापलेलं. पलंगाच्या डोक्याशी पांढऱ्या पाटीवर तेच नाव निळ्या शाईनं लिहिलेलं. मी हातातली फाईल आपोआप मागं घेतली.

तेवढ्यात नर्स आली. तिनं आईच्या खांद्याला हात लावला आणि त्या नावाला आजी जोडून हाक मारली, "दुखतंय का हो?" आणि माझी आई, जी कोणी हाक मारली की आधी काम कुठलं ते विचारते, ती एकदम वळून म्हणाली, "हाव बाई, पण सोसतंय."

नर्स गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "सकाळपासून सगळ्या ह्याच नावानं बोलवून राहिल्यात. आधी मला कळंना कोणाला बोलवतात. मग म्हटलं, अगं बया, हे तर मीच!" आणि खुब्याचं हाड मोडलेलं असताना ती खुदकन हसली. "शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे ना, त्यानंतर आत्ताच."

मी तिला खालची हकीकत सांगितली. दोन्ही रस्ते सांगितले, पण सारखे सांगितले नाहीत. पहिला नीट फोड करून सांगितला, पोरांना सोपं उदाहरण सांगते तसा. दुसऱ्याचे फक्त धोके सांगितले. आईनं ऐकून घेतलं. मनगटावरची पट्टी दुसऱ्या हाताच्या बोटानं फिरवत राहिली.

"दुसऱ्या रस्त्यानं ऑपरेशन थांबतं का?" तिनं विचारलं.

"थांबत नाही. पण नंतर कटकट आहे."

"मग राहू दे की गं. चार दिवसांचा तर दवाखाना. घरी गेले की आहेच परत ते."

किती थोडं मागितलं होतं तिनं. मी तिच्या उशाशी उभी राहून काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "आई, असं भावनेवर चालत नाही. बाबांच्या वेळी काय झालं आठवतंय ना? उद्या कंपनीनं म्हटलं की ही दुसरीच बाई आहे, तर काय दाखवायचं? त्या नावाचा एक कागद नाही आपल्याकडं."

बाबांचं नाव मी मध्ये घातलं, कारण त्यावर ती काही बोलणार नाही हे मला माहीत होतं. मला खरंच बाबांची आठवण आली होती का? नाही. खाली टेबलावर फाईल उघडून बसले असताना लोकांनी माझी फजिती बघितली होती, आणि आता मला ती फाईल जिंकलेली हवी होती. संध्याकाळच्या आत मंजुरी आणून दाखवायची होती, त्या चष्मेवाल्याला, मामांना, नवऱ्याला.

आई म्हणाली, "बरं. तुला कळतं त्यातलं. कर तू."

मी खाली आले आणि अर्ज लिहायला घेतला. चष्मेवाल्यानं नमुना सांगितला. मी लिहिलं, की रुग्णास दाखल करतेवेळी नातेवाइकांकडून घाईत चुकीचे नाव सांगण्यात आले, तरी ते रद्द करून आधारप्रमाणे योग्य नाव नोंदवावे. अक्षर माझं छान आहे. मामांपुढं सहीला ठेवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं.

"चुकीचं न्हाई," ते म्हणाले. "दुसरं लिही. माहेरचं लिही. चुकीचं कसं?"

मी चष्मेवाल्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "माहेरचं लिहिलं तर कंपनी पुरावा मागते. चूक म्हटलं की विषय संपतो."

"मामा, नुसता कागद आहे तो," मी म्हणाले.

मामांनी पेन हातात घेतलं. म्हणाले, "आमच्या आजोबांनी सगळ्या गावाला गूळ वाटला होता त्या नावाचा." मग सही केली. सही करून ते उठले आणि पान थुंकायला म्हणून बाहेर गेले ते लवकर आत आले नाहीत.

वर जाऊन आईची सही घेतली. तिनं अर्ज वाचून दाखव म्हटलं नाही. ती स्वतः वाचत होती, ओठ हलवत, मध्ये एका शब्दापाशी थांबली, आणि परत पुढं वाचलं. मग सासरच्या नावानं सही केली, तीच बँकेत घोटून घेतलेली.

संध्याकाळच्या आत मंजुरी आली. चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, सगळे लोक असे कागद आणतील तर आमचं काम किती सोपं होईल." नवऱ्यानं पाठीवर थाप मारली. नवी पट्टी छापून आली, जुनी कात्रीनं कापून नर्सनं कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईनं मनगट चोळलं. पाटीवरचं निळं नाव ओल्या बोळ्यानं पुसून दुसरं लिहिलं. मी सगळे नवे रिपोर्ट तपासून घेतले, अक्षर न् अक्षर. नाव सगळीकडं एकसारखं होतं. जुन्या नावाचे एक्स-रे आणि रिपोर्ट त्यांनी परत घेतले आणि मी खुशीनं दिले. ते मागून ठेवावेत असं मला सुचलंही नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. ह्याबद्दल मी आभारी आहे, डॉक्टरांची आणि देवाची. डिस्चार्ज कार्ड, खुब्यात बसवलेल्या सांध्याचं स्टिकर, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, सगळं मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून जागच्या जागी लावत होते. मामा पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होते. माझ्याशी ते बोलत होते, पण पहिल्यासारखे नाही.

घरी जायच्या सकाळी पहिल्या दिवशीची नर्स आली. मधले दिवस तिला सुट्टी होती, तिला काही माहीत नव्हतं. दारातूनच तिनं ती जुनी हाक मारली, त्या नावाला आजी जोडून. "काय हो, निघालात का घरला?"

आईनं वळून पाहिलं नाही. नर्सला वाटलं ऐकू गेलं नसेल. ती जवळ आली, खांद्याला हात लावला आणि परत तीच हाक मारली.

"ते नाव नव्हं बाई," आई तिला समजावत म्हणाली, लहान पोराची चूक दुरुस्त करावी तशी. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ते चुकीचं होतं. आमच्या लेकीनं लिहून दिलंय."